पाच इन्व्हर्टरची रिंग आणि तिच्या तीन फ्रिक्वेन्सी

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला दोन विद्यार्थिनींनी रिंग ऑसिलेटर जोडला होता. आयसी सीडी ४०६९ यूबी, म्हणजे एकाच आयसीत सहा इन्व्हर्टर. त्यांपैकी पाच त्यांनी एकापुढे एक जोडले आणि पाचव्याचा आउटपुट परत पहिल्याच्या इनपुटला दिला. सप्लाय ५ व्होल्ट, चौदाव्या आणि सातव्या पिनमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. जोडणी अशी: पिन २ पासून ३, ४ पासून ५, ६ पासून ९, ८ पासून ११ आणि १० पासून परत १. सहावा इन्व्हर्टर, म्हणजे पिन १३ आणि १२, त्यांनी बफर म्हणून वापरला होता. पिन १० वरचा सिग्नल १३ ला जात होता आणि १२ वर बाहेर मिळत होता. जोडणीत खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं.

जर्नलमध्ये मात्र तीन आकडे होते आणि त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता. डेटाशीटवरून काढलेली फ्रिक्वेन्सी १.८२ मेगाहर्ट्झ. एकीने स्कोपचा प्रोब पिन १० वर ठेवून मोजली ती २.२. दुसरीने तिथेच मोजली, तर २.८. सर्किट तेच, सप्लाय तोच, आयसीही तोच.

"सर, यातली बरोबर कोणती लिहायची?"

तिन्ही आकडे बरोबर आहेत, हे या प्रश्नाचं खरं उत्तर. फक्त ते तीन वेगवेगळ्या सर्किटांचे आहेत. हे पटायला आधी सूत्र कुठून येतं ते पाहावं लागतं. तेच पाहिलं की इन्व्हर्टर विषमच का लागतात हेही आपोआप उलगडतं, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे.

पाच इन्व्हर्टरच्या आउटपुटना A, B, C, D, E म्हणू. A हा पहिल्या इन्व्हर्टरचा आउटपुट आणि त्याचा इनपुट म्हणजे E. इन्व्हर्टरचं काम एवढंच की इनपुटच्या उलट आउटपुट द्यायचा. एखाद्या क्षणी इनपुट आणि आउटपुट सारखेच असतील, तर तो इन्व्हर्टर अजून मागे आहे. इनपुट बदलला, पण आउटपुट अजून बदलायचा आहे. अशा इन्व्हर्टरला मी 'मागे राहिलेला' म्हणेन. गेट डिले म्हणजे त्याला बरोबरीला यायला लागणारा वेळ.

आता एका स्थितीपासून पुढे चालत जाऊ:

```
पायरी   A B C D E
0       0 1 0 1 0
1       1 1 0 1 0
2       1 0 0 1 0
3       1 0 1 1 0
4       1 0 1 0 0
5       1 0 1 0 1
6       0 0 1 0 1
...
10      0 1 0 1 0
```

पायरी शून्यला E शून्य आहे आणि A पण शून्य, म्हणजे पहिला इन्व्हर्टर मागे राहिला आहे. एका गेट डिलेनंतर A एक होतो आणि पहिला इन्व्हर्टर सुधारतो. पण त्याच क्षणी दुसऱ्याचा इनपुट बदलला, म्हणून आता दुसरा मागे पडला. तो सुधारला की तिसरा मागे पडतो. विसंगती मिटत नाही, फक्त एक घर पुढे सरकते. पाच पायऱ्यांत ती रिंगला एक फेरी घालते आणि त्या फेरीत प्रत्येक नोड एकदाच उलटतो. म्हणून एका फेरीनंतर मूळ स्थिती परत येत नाही, तिची बरोबर उलटी स्थिती येते. मूळ स्थिती यायला दुसरी फेरी लागते. N इन्व्हर्टर आणि प्रत्येकाचा डिले t धरला, तर एक फेरी N·t ची आणि पूर्ण पिरियड त्याच्या दुप्पट.

```
T = 2·N·t
f = 1 / (2·N·t)
```

सूत्रातला २ पुष्कळजण पाठ करून ठेवतात आणि परीक्षेत विसरतात. दोन फेऱ्यांचं चित्र डोळ्यांपुढे असेल तर तो विसरणं शक्य नाही. आणखी एक बारकावा या चित्रातूनच मिळतो. पहिल्या फेरीत एखादा नोड वर गेला असेल, तर दुसऱ्या फेरीत तो खाली येतो. म्हणजे एका पिरियडमध्ये प्रत्येक इन्व्हर्टर एकदा चढतो आणि एकदा उतरतो. चढायचा आणि उतरायचा वेळ वेगळा असला तरी दोन्ही एकेकदा मोजले जातात. म्हणून सूत्रातला t हा त्या दोन वेळांची सरासरी असतो.

डेटाशीटमध्ये या आयसीचा डिले ५ व्होल्टला साधारण ५५ नॅनोसेकंद दिला आहे. सूत्रात घातला की १ भागिले (२ × ५ × ५५ नॅनोसेकंद), म्हणजे १.८२ मेगाहर्ट्झ. विद्यार्थिनींचं गणित अचूक होतं. पण त्या ५५ च्या शेजारी एक अट छापलेली असते: आउटपुटवर ५० पिकोफॅरडचा लोड. ती अट नजरेतून सुटली की गणित बरोबर असूनही दुसऱ्याच सर्किटचं होतं.

आउटपुट बदलायचा म्हणजे त्या नोडवरची सगळी कपॅसिटन्स भरायची किंवा रिकामी करायची. इन्व्हर्टरच्या आतल्या ट्रान्झिस्टरची करंट देण्याची ताकद मर्यादित असते, म्हणून कपॅसिटन्स जितकी जास्त तितका वेळ जास्त. आपल्या रिंगमध्ये प्रत्येक आउटपुटवर लोड किती आहे? पुढच्या इन्व्हर्टरचा इनपुट, साधारण १० पिकोफॅरड, आणि ब्रेडबोर्डच्या पट्ट्या व वायरचे दोन-चार. म्हणजे चौदाच्या आसपास, ५० च्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. साहजिकच रिंग डेटाशीटच्या हिशेबापेक्षा जोरात धावणार.

आता उरले २.२ आणि २.८. मी दोघींचे प्रोब हातात घेतले. एकीच्या प्रोबवरची कळ १एक्सवर होती, दुसरीची १०एक्सवर. १एक्सवर असलेला प्रोब सर्किटला केबलसकट सुमारे १०० पिकोफॅरडचा लोड देतो, १०एक्सवर तो दहा-बारावर येतो. एकीने रिंगच्या एका नोडवर १०० पिकोफॅरड लटकवून मोजणी केली होती, दुसरीने १२. मोजण्याच्या साधनानेच मोजायची गोष्ट बदलली होती. रिंग ऑसिलेटरमध्ये हे फार ठळकपणे दिसतं, कारण इथे डिले हाच घड्याळाचा लंबक आहे. त्याला हात लावला की वेळ बदलणारच.

मग प्रोब रिंगवरून काढून सहाव्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर, पिन १२ वर ठेवला. १एक्स असो वा १०एक्स, फ्रिक्वेन्सी २.९ मेगाहर्ट्झवर स्थिर. बफर ठेवायचा तो याचसाठी. त्याच्या आउटपुटवर कितीही लोड टाका, रिंगला दिसतो तो फक्त बफरचा इनपुट. सर्किटमध्ये बफर होता, पण प्रोब त्याच्या अलीकडे लागला होता.

२.९ मेगाहर्ट्झ म्हणजे पिरियड ३४५ नॅनोसेकंद आणि एक फेरी १७२.५. पाचाने भागलं की सरासरी डिले ३४.५ नॅनोसेकंद. इथून पुढचं काम मला सगळ्यात आवडतं, कारण आता रिंग हेच मोजमापाचं साधन होतं. प्रत्येक नोडवर ३३ पिकोफॅरडचा एकेक सिरॅमिक कपॅसिटर ग्राउंडला जोडायला सांगितला. फ्रिक्वेन्सी १.९ वर उतरली, पिरियड ५२६ नॅनोसेकंद, फेरी २६३. फेरी ९०.५ नॅनोसेकंदांनी लांबली आणि आपण टाकले होते एकूण १६५ पिकोफॅरड. म्हणजे दर पिकोफॅरडला ०.५५ नॅनोसेकंद.

हा एक आकडा हाती आला की जर्नलमधले सगळे आकडे एका माळेत बसतात. १एक्स प्रोबचे १०० पिकोफॅरड फेरीत ५५ नॅनोसेकंद वाढवतात: १७२.५ अधिक ५५ म्हणजे २२७.५, पिरियड ४५५, फ्रिक्वेन्सी २.२. १०एक्सच्या १२ पिकोफॅरडने ६.६ वाढतात: फेरी १७९, फ्रिक्वेन्सी २.८. दोन्ही आकडे जसेच्या तसे मिळाले. आणि डेटाशीटचं काय? बफरचा इनपुटही दहा पिकोफॅरडचा, म्हणजे ५.५ नॅनोसेकंदांचा. तो फेरीतून वजा केला तर उरतात १६७, म्हणजे बफर नसलेल्या टप्प्याला ३३.४ नॅनोसेकंद. त्याचा लोड चौदा पिकोफॅरड धरून तो पन्नासपर्यंत वाढवला, तर आणखी ३६ पिकोफॅरडचे सुमारे २० नॅनोसेकंद, एकूण ५३. डेटाशीट म्हणते ५५. ब्रेडबोर्डवर यापेक्षा जवळ जाण्याची अपेक्षा करू नये.

लगोलग तीन इन्व्हर्टरची रिंगही करून पाहिली, बफर तोच ठेवून. ३४.५ चा सरासरी आकडा सूत्रात टाकला तर ४.८३ मेगाहर्ट्झ यायला हवे होते, स्कोपवर ४.७ च्या थोडं वर दिसलं. फरक लहान आहे, पण त्याला कारण आहे. बफरचा जादा लोड पाच जणांत वाटला जात होता, तो आता तिघांत वाटला जातो. तीन वेळा ३३.४ अधिक ५.५ म्हणजे १०५.७. त्याची दुप्पट २११ नॅनोसेकंद, आणि फ्रिक्वेन्सी ४.७३. सूत्रात N·t लिहितात तेव्हा सगळे टप्पे सारखे असल्याचं गृहीत असतं. खरं सूत्र म्हणजे सगळ्या डिलेंची बेरीज आणि तिची दुप्पट.

यानंतर दुसरीने प्रश्न विचारला, "सर, बफर काढून सहाही रिंगमध्ये घेतले तर २.४ मिळेल ना?" गणिताने तसंच येतं: १ भागिले (१२ × ३४.५ नॅनोसेकंद). तिला म्हटलं, जोडून बघ.

जोडलं, आणि स्कोपवर सरळ रेघ आली. सगळ्या नोडवर मल्टिमीटर फिरवला तर शून्य, पाच, शून्य, पाच असे व्होल्टेज एकाआड एक. सप्लायचा करंट जवळजवळ नाहीसा झाला. सप्लाय बंद करून चालू केला तर कधी तेच दिसे, कधी बरोबर उलटं: पाच, शून्य, पाच, शून्य. ही रिंग ऑसिलेटर नाही, एक बिट धरून ठेवणारी मेमरी आहे. दोनच इन्व्हर्टर असे एकमेकांना जोडले की स्टॅटिक रॅमच्या सेलचा गाभा तयार होतो.

असं का व्हावं हे वरच्या तक्त्यातच दडलेलं आहे. रिंगभोवती एक चक्कर मारा आणि प्रत्येक इन्व्हर्टरपाशी किंमत उलटते का ते बघा. जो बरोबर आहे तिथे उलटते, जो मागे राहिला आहे तिथे उलटत नाही. जिथून निघालो तिथे परत आल्यावर किंमत तीच असायला हवी, कारण नोड तोच आहे. म्हणजे उलटण्याची संख्या समच असणार. आता एकूण इन्व्हर्टर विषम असतील, तर त्यातून बरोबर असलेल्यांची सम संख्या वजा केल्यावर मागे राहिलेल्यांची संख्या विषम येते. विषम संख्या शून्य होऊ शकत नाही. कोणत्याही क्षणी निदान एक इन्व्हर्टर मागे असणारच, आणि तो सुधारला की दुसरा मागे पडणार. गोलात बसलेल्या मुलांना एकाआड एक उभं राहायला सांगितलं आणि मुलं पाच असली, तर कुठेतरी दोन शेजारी सारखे येतातच, कितीही वेळा अदलाबदल करा. सहा मुलांना हे सहज जमतं.

सहा इन्व्हर्टरना तेच जमतं. मागे राहिलेल्यांची संख्या सम असते आणि शून्य हीसुद्धा सम संख्या आहे. एकदा शून्यावर पोहोचलं की हालचालीला कारणच उरत नाही.

इथे एक रास्त शंका निघते. सहाच्या रिंगमध्ये दोन विसंगती एकामागून एक फिरत राहिल्या तर? कागदावर ते शक्य आहे आणि तसं झालं तर नोड खरोखर खालीवर होतील. पण सम रिंगमध्ये एक गोष्ट वेगळी घडते. फेरी पूर्ण करून आलेली विसंगती A वर पुन्हा त्याच दिशेने येते. पहिली विसंगती A ला नेहमी चढवते, दुसरी नेहमी उतरवते. म्हणजे पहिलीच्या वाट्याला पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या इन्व्हर्टरचा चढायचा वेळ आणि बाकीच्यांचा उतरायचा वेळ येतो, दुसरीच्या वाट्याला नेमका उलट. सहाही इन्व्हर्टर तंतोतंत सारखे असते तर दोघींची फेरी सारखी झाली असती. ब्रेडबोर्डवर एक वायर लांब असते, एक आखूड. समजा एका फेरीत २ नॅनोसेकंदांचा फरक पडला. सुरुवातीला दोघींत अर्ध्या फेरीचं, सुमारे १०३ नॅनोसेकंदांचं अंतर असलं तरी पन्नासेक फेऱ्यांत एक दुसरीला गाठते आणि दोन्ही मिटतात. एक फेरी २०७ नॅनोसेकंदांची, म्हणजे हा सगळा खेळ दहा-अकरा मायक्रोसेकंदांचा. प्रत्यक्षात सप्लाय देताना बहुतेक वेळा तो सुरूही होत नाही. सगळे नोड मधल्या व्होल्टेजपासून निघतात, लहानसा फरक फेरीगणिक त्याच दिशेने वाढत जातो आणि रिंग एका बाजूला जाऊन बसते. विषम रिंगमध्ये एकच विसंगती आलटून पालटून चढवते आणि उतरवते, त्यामुळे चढ-उताराचा फरक तिच्यापुरता आपोआप सरासरीत जातो आणि गाठायला दुसरी कोणी नसते.

याच निरीक्षणाचा उपयोग जोडणीतली चूक शोधायला होतो. विषम रिंग नीट चालत असेल, तर मल्टिमीटरवर प्रत्येक नोड अडीच व्होल्टच्या आसपास दिसतो, कारण मीटर सरासरी दाखवतो, आणि सप्लायमधून काही मिलिअँपिअर जातात. नोड शून्य आणि पाच दाखवू लागले तर एखादी जंपर वायर चुकीच्या पिनला गेली आहे आणि रिंग चारची झाली आहे, किंवा ती कुठेतरी तुटली आहे. आधी पिन मोजाव्यात, आयसीवर संशय नंतर घ्यावा.

विषम म्हणजे एकसुद्धा विषमच, मग एकाच इन्व्हर्टरचा आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडला तर? सूत्र म्हणतं १४.५ मेगाहर्ट्झ. या आयसीवर तसं होत नाही. आउटपुट मधल्या व्होल्टेजवर जाऊन थांबतो आणि ऑसिलेशन नाही. मल्टिमीटर इथेही अडीचच्या जवळपास दाखवतो, म्हणून फक्त मीटरवर विसंबू नये, स्कोप लावावाच. कारण असं की वरचा तक्ता एक गोष्ट गृहीत धरतो: आउटपुट पूर्ण बदलून झाल्यावरच बातमी इनपुटला पोहोचते. एकाच इन्व्हर्टरमध्ये इनपुट आणि आउटपुट हा एकच नोड आहे. आउटपुट थोडा खाली आला की इनपुटही तेवढाच खाली येतो आणि त्याला तिथेच अडवतो. हेच फेजच्या भाषेत सांगायचं तर उलटवण्याचे १८० अंश इन्व्हर्टर देतो, पण आणखी १८० अंश डिलेकडून यायला हवेत आणि एका साध्या आरसी टप्प्याकडून ९० अंशही पुरते मिळत नाहीत. तीन टप्पे असले की प्रत्येकाने ६० अंश दिले तरी भागतं. ६० अंशांना आरसी टप्पा सिग्नल निम्मा करतो, म्हणून प्रत्येक इन्व्हर्टरचा मूळ गेन निदान दोन हवा, तो सहज असतो. म्हणून विषमता ही पहिली अट आणि पुरेसा फेज ही दुसरी. व्यवहारात तीनपासून सुरुवात करतात.

या जागी पुष्कळांचा गोंधळ होतो, कारण ७४ एचसी ०४ घेऊन हाच प्रयोग केला तर एकटा गेटसुद्धा ऑसिलेट होऊ शकतो. पण तो गेट एकटा नसतोच. बफर्ड प्रकारात प्रत्येक गेटच्या आत तीन इन्व्हर्टर एकापुढे एक असतात. आपण एक वायर जोडतो आणि तीनची रिंग तयार होते. ४०६९ च्या नावातला यूबी अनबफर्ड असल्याचं सांगतो, म्हणजे आत एकच. गेट डिलेचे प्रयोग शिकवायला मी म्हणूनच हा जुना आणि संथ आयसी निवडतो. शिवाय दोन-तीन मेगाहर्ट्झ साध्या स्कोपवरही नीट दिसतात.

सम संख्येच्या रिंग ऑसिलेटरचा उल्लेख पुढे फेज लॉक्ड लूपच्या अभ्यासात येतो, तेव्हा वरचं सगळं खोटं ठरल्यासारखं वाटतं. तिथे टप्पे डिफरेन्शियल असतात, प्रत्येक टप्प्याला सरळ आणि उलट अशा दोन वायर. चार टप्प्यांच्या रिंगमध्ये एका ठिकाणी या दोन वायरची अदलाबदल केली की एक उलट जादा मिळते, तीही डिले न वाढवता. एकूण उलट विषम होते आणि रिंग चालते. म्हणजे मोजायचं असतं ते फेरीत सिग्नल किती वेळा उलटतो. साध्या इन्व्हर्टरच्या रिंगमध्ये प्रत्येक टप्पा नेमकी एक उलट करतो, म्हणून तिथे टप्पे मोजले तरी चालतात. चार टप्प्यांचा फायदा असा की एकमेकांपासून ९० अंशांवर असलेले सिग्नल थेट मिळतात. साध्या विषम रिंगमधून ते मिळत नाहीत.

आणि ब्रेडबोर्डवर आपण जे केलं, तेच चिप बनवणारे कारखाने वेफरवर करतात. समजा एका गेटचा डिले १० पिकोसेकंद आहे. तो थेट मोजायला गेलं तर वायर आणि प्रोबचाच परिणाम त्याच्या कितीतरी पट भरेल. १०१ इन्व्हर्टरची रिंग केली की पिरियड २.०२ नॅनोसेकंद, म्हणजे ४९५ मेगाहर्ट्झ. तिच्यापुढे चिपवरच १०२४ ने भागणारा डिव्हायडर ठेवला की बाहेर येतात सुमारे ४८३ किलोहर्ट्झ, ते कोणत्याही साध्या काउंटरने मोजता येतात. चिप कापण्यासाठी वेफरवर ज्या पट्ट्या मोकळ्या सोडतात, त्यांत अशा रिंग घालतात आणि त्या वेफरवरचे ट्रान्झिस्टर वेगवान निघाले की संथ ते त्यांवरून कळतं. डिव्हायडर तिथे विद्यार्थिनींच्या बफरचंच काम करतो: रिंगला एका इनपुटपलीकडे काहीही दिसू नये.

जर्नलमध्ये शेवटी तिन्ही आकडे राहू दिले. प्रत्येकापुढे नोडवरचा लोड लिहायला सांगितला आणि खाली चौथी ओळ जोडली: बफरमधून, २.९ मेगाहर्ट्झ, ५ व्होल्ट. सप्लाय लिहिणं तितकंच गरजेचं आहे. याच आयसीचा डिले डेटाशीटप्रमाणे १० व्होल्टला ३० नॅनोसेकंदांवर येतो, त्यामुळे व्होल्टेज न लिहिलेली फ्रिक्वेन्सी दुसऱ्या कोणाला पडताळून पाहता येत नाही.